मोटार दुसऱ्यांदा जळाली

सकाळी ८.४५

टपालात रजिस्टर पोस्टाचं पाकीट आहे. त्यावर आवक क्रमांक आणि आजची तारीख पडते, पाकिटासकट पत्राचा फोटो निघतो आणि मग ते माझ्या टेबलावर येतं. लिहिणारे तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार आहेत. हाच मजकूर त्यांनी दोन दिवसांपूर्वी आमच्या डीलरच्या व्हॉट्सअॅपवर टाकला होता, पण कागदावर तो अधिक तापलेला आहे. ‘शेतकऱ्याला भंगार विकता’, ‘मालकाला बांधावर आणून उभं करतो’, ‘आठ दिवसांत नवीन पंप आणि भरपाई मिळाली नाही तर ग्राहक मंचात खेचतो.’

आमचा कोल्हापुरातला लहान कारखाना बोअरवेलचे सबमर्सिबल पंप बनवतो. विक्रीनंतरच्या तक्रारी माझ्याकडे असतात. असं पत्र मी दोनदा वाचते. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. जे घडलं त्याखाली रेघ, जे मागितलं त्याभोवती गोल, बाकीचं तसंच सोडायचं. रेघांवर उरलं ते एवढं: साडेसात एचपीचा पंप नोव्हेंबरात घेतला. फेब्रुवारीत मोटार जळाली, वॉरंटीत भरून मिळाली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बागेची खरड छाटणी झाली आणि १४ तारखेच्या रात्री मोटार पुन्हा जळाली. तेव्हापासून बाग टँकरवर आहे. गोलांमध्ये चार मागण्या आहेत: नवा पंप, दोन्ही वेळचा पंप काढण्या-सोडण्याचा खर्च, टँकरचे पैसे, आणि बागेचं नुकसान.

उरलेल्या मजकुराला उत्तर द्यायचं नसतं. छाटणी करून बसलेल्या माणसाचं पाणी बंद झालंय, तो गोड भाषेत लिहील कशाला?

सकाळी ९.३०

फाइल काढली. विक्रीचं बिल, वॉरंटी कार्ड, अनुक्रमांकावरून शोधलेला कारखान्यातला चाचणी अहवाल. पंप बाहेर पडताना दाब, पाणी आणि अँपिअर व्यवस्थित होते. हा कागद आपल्या बाजूचा आहे, पण त्याच्या जिवावर फार उडता येत नाही. नोव्हेंबरात टाकीवर पंप नीट चालला, यावरून एप्रिलमध्ये साडेतीनशे फुटांवर काय झालं ते कळत नाही.

खरी अडचण पुढच्या कागदात आहे. फेब्रुवारीच्या दुरुस्तीचं जॉब कार्ड. सर्व्हिस सेंटरने त्यावर लिहिलंय: ‘मोटार बर्न. रिवाइंड करून दिली.’ का जळाली, कुठल्या फेजचं वाइंडिंग जळालं, शेतावरचं पॅनेल कुणी पाहिलं का, यातलं काही नाही. जुनं वाइंडिंग तेव्हाच भंगारात गेलं. आणि या कार्डाची कार्बन प्रत शेतकऱ्याकडे आहे.

डीलरच्या मोबाइलवरच्या संवादाचे स्क्रीनशॉटही मागवून घेतले. शेतकऱ्याच्या संतापाला डीलरने रात्री साडेदहाला उत्तर दिलंय: ‘काका कंपनीचा लॉटच खराब आलाय, मी बोलतो त्यांच्याशी.’ असा कुठला खराब लॉट नाही. डीलरने फक्त स्वतःच्या अंगावरचा राग कंपनीच्या अंगावर ढकलला. पण उद्या वकिलाने हे वाक्य छापून ग्राहक आयोगापुढे ठेवलं, तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याचं म्हणणं म्हणून ते वाचलं जाईल. डीलरला फोन करून सांगितलं: जे लिहिलंय ते पुसू नका, पण यापुढे कारणाबद्दल एक अक्षर टाकू नका. पुसायचं नाही, कारण समोरच्याच्या फोनवर ते राहतंच आणि पुसल्याची खूणही राहते.

आमच्या हिशेबनिसाने मध्येच तोंड घातलं. ‘शेती म्हणजे धंदाच की. तो ग्राहक कुठे ठरतो?’ ही समजूत अजून बऱ्याच ऑफिसांत आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच असतो, आणि बियाण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली शेतकऱ्याला ग्राहक मानलेलं आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात दावा लावू शकतो. म्हणजे हे प्रकरण गेलंच तर सांगलीला जाईल आणि खेपा आम्हाला घालाव्या लागतील.

सकाळी १०.१५

पत्राचं उत्तर पत्राने द्यायचं, पण त्याआधी फोन. उचलल्या उचलल्या आवाज चढलेला होता.

‘आता सुचलं होय तुमाला? आठवडा झाला, बागंत पाण्याचा थेंब न्हाई.’

मी मध्ये बोलले नाही. पाच-सात मिनिटं ते बोलत होते आणि त्यातच पत्रात नसलेल्या तीन गोष्टी कळल्या. मोटार जळाली त्या आठवड्यात त्यांच्याकडे थ्री-फेजची पाळी रात्रीची होती. पंप ऑटोवर ठेवून ते घरी झोपले होते. आणि पंप वर काढला तो गावातल्याच पंपवाल्यांनी.

‘काका, छाटणी होऊन फुटी निघायच्या वेळेला पाणी तुटलं, त्याचं वाईट वाटतं. पंप पाच महिन्यांत दुसऱ्यांदा बंद पडला, हे आमच्या कागदावरही आहे.’

‘मग चूक तुमचीच की.’

ही खरी कसोटी. ‘हो’ म्हटलं की फोन दोन मिनिटांत गोडीत संपतो, ‘नाही’ म्हटलं की लगेच संपतो. मी म्हटलं, ‘कशामुळे जळाली ते मोटार उघडल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि तुमच्या माणसाशिवाय आम्ही ती उघडणार नाही. काल डीलरकडून आलीय, तशीच ठेवलीय. आज कुणाला पाठवता येईल?’

त्यांचा पुतण्या इस्लामपुरात कामाला आहे. दुपारी येतो म्हणाला. फोन ठेवण्याआधी एक मागणं मांडलं: पॅनेल आहे तसं राहू दे, वायरमनला हात लावू देऊ नका, आणि पंप काढताना केबलचा जोड कापला असेल तर तो तुकडा टाकू नका. बोललेलं सगळं दोन ओळींत व्हॉट्सअॅपवरही पाठवलं: पत्र मिळालं, मोटार आज दुपारी तुमच्या प्रतिनिधीसमोर उघडत आहोत, लेखी उत्तर संध्याकाळपर्यंत निघेल. आजच्या तारखेचा हा आमचा पहिला लेखी शब्द. त्यात दिलगिरी नाही, नकारही नाही, पण शेतकऱ्याला वाट पाहायला एक वेळ मिळाली.

सकाळी ११.१५

टेबलावर पत्राचे दोन मसुदे येऊन पडलेत. एक सर्व्हिसमधल्या नव्या मुलाचा, एक विक्री व्यवस्थापकांचा.

मुलाचा मसुदा असा सुरू होतो: ‘आमच्या सदोष पंपामुळे आपल्या द्राक्षबागेचे जे नुकसान झाले त्याबद्दल आम्ही मनापासून क्षमा मागतो.’ मनाने मुलगा चांगला आहे. पण या एका वाक्यात त्याने तीन गोष्टी कबूल केल्या आणि तिन्ही त्याला ठाऊक नाहीत. पंपात दोष होता, हे एक. त्या दोषानेच नुकसान झालं, हे दुसरं. आणि बागेचं नुकसान झालं, हे तिसरं. खरड छाटणीनंतर पाणी तुटल्याचा परिणाम द्राक्षात पुढच्या हंगामाच्या घडांवर दिसतो. एप्रिलमध्ये तो कुणालाच मोजता येत नाही, बागायतदारालाही नाही. कायद्यात ‘दोष’ म्हणजे काय याची व्याख्या आहे: गुणवत्तेत, प्रमाणात किंवा कायद्याने वा कराराने ठरलेल्या दर्जात राहिलेली उणीव. म्हणून ‘सदोष’ हा शब्द सौजन्यापोटी लिहून चालत नाही. इंग्लंडमध्ये 2006 च्या कायद्याने स्पष्ट केलंय की नुसती माफी म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. आपल्याकडे असं ढालीसारखं कलम हाताशी नाही, तेव्हा माफीचं वाक्यच नीट बांधावं लागतं.

विक्री व्यवस्थापकांचा मसुदा याच्या उलट्या टोकाला आहे. ‘आपली तक्रार निराधार असून, अयोग्य वीजपुरवठ्यामुळे मोटार जळाल्यास वॉरंटी लागू होत नाही. कृपया अट क्र. 7 पाहावी.’ यात काही कबूल केलेलं नाही म्हणून हे पत्र सुरक्षित वाटतं. मला ते जास्त धोक्याचं वाटतं. मोटार अजून उघडलेली नाही आणि आम्ही वीजपुरवठ्याला दोषी ठरवून मोकळे! उद्या आतून आमचीच चूक निघाली तर हे पत्र आयोगापुढे आमच्याविरुद्ध पहिला पुरावा होईल: न बघता नाकारलं. वस्तूतला दोष सिद्ध झाला नाही तरी सेवेतली त्रुटी म्हणून वेगळा ठपका येऊ शकतो, तो असल्याच पत्रांवरून येतो.

दोन्ही मसुदे एकाच जागी घसरलेत. मोटार का जळाली हे माहीत असल्यासारखे ते बोलतात. मी दोन्ही बाजूला ठेवले आणि जेवायला गेले.

दुपारी १.३०

पुतण्या आला. सोबत गावातला एक मोटार भरणारा मिस्त्री आणला होता, हे फार बरं झालं. आपल्या माणसाने पाहिलेलं घरी जाऊन पटतं.

मोटार शेडमध्ये सील लावलेली होती. आधी पट्टीवरचा अनुक्रमांक बिलाशी आणि वॉरंटी कार्डाशी जुळवला, फोटो घेतला. केबलच्या टोकावर मेगर लावला: इन्सुलेशन शून्य. म्हणजे वाइंडिंग बॉडीला चिकटलंय, जळालंय यात शंका नाही. शाफ्ट हाताने फिरवला, फिरला. भरणीचा प्लग काढला तर काळं पाणी आलं आणि जळक्या पीव्हीसीचा वास शेडभर झाला. मग खालचं झाकण काढून थ्रस्ट बेअरिंग पाहिलं. पॅड स्वच्छ, घासलेले नाहीत. पंपाचे इम्पेलर पाहिले, कुठे वितळलेले नाहीत. बोअर कोरडी पडून पंप पाण्याविना चालला असता तर इथे खुणा दिसल्या असत्या. ते कारण बाद झालं, आणि बाद झाल्याचं मी पुतण्याला मोठ्याने सांगितलं. ‘बोअरला पाणी नसेल’ असं आम्ही म्हणणार, ही धास्ती घेऊनच तो आला होता.

मग रोटर काढून वाइंडिंग. मिस्त्री वाकला आणि माझ्याआधी म्हणाला, ‘दोन जळालंत, एक कोरं हाय.’

तसंच होतं. दोन फेजच्या गुंडाळ्यांची पीव्हीसी वितळून कोळशासारखी झालेली, आणि त्यांच्यामधल्या तिसऱ्या फेजच्या तारा अजून पिवळ्याधमक. ही मोटार आत स्टार जोडणीची आहे. अशा मोटारीचा चालता चालता एक फेज गेला तर त्या फेजचं वाइंडिंग रिकामं राहतं आणि सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो. त्यांतला प्रवाह साधारण पावणेदोन पट होतो. या मोटारीच्या पट्टीवर पंधरा अँपिअर आहेत, म्हणजे पंचवीस-सव्वीस वाहिले असणार. पीव्हीसीला एवढी उष्णता सोसत नाही. नुसता ओव्हरलोड असता, किंवा तिन्ही फेजचा व्होल्टेज पडला असता, तर तिन्ही वाइंडिंग सारखी काळी झाली असती. इन्सुलेशनमध्ये कारखान्याची खोट असती तर बहुधा एकाच जागी भोक पडल्यासारखा जळका डाग दिसला असता.

विक्री व्यवस्थापक मागे उभे होते. हे ऐकून त्यांचा चेहरा उजळला. ‘सिंगल फेजिंग. झालं, विषय संपला. लिहा, वीजपुरवठा.’

विषय संपत नाही. एक फेज मोटारीपर्यंत पोचला नाही, एवढंच या वाइंडिंगवरून कळतं. तो कुठे तुटला ते कळत नाही. वीज कंपनीच्या डीपीवर फ्यूज उडाला असेल. पॅनेलमध्ये कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळाला असेल. बोअरमधल्या केबलचा जोड सैल झाला असेल, आणि तो जोड आमच्या डीलरच्या फिटरने केलेला होता. किंवा मोटारीच्या आत, वाइंडिंगच्या तारेला बाहेरची लीड जोडतो तो आमचाच जोड उघडला असेल. या चारपैकी कुठेही तुटलं तरी वाइंडिंग असंच दिसतं: दोन काळी, एक कोरं.

म्हणून मिस्त्रीच्या हातानेच कोऱ्या फेजची कंटिन्युइटी मोजून घेतली, लीडच्या टोकापासून स्टारच्या गाठीपर्यंत. मीटर वाजला. आतला जोड आज तरी शाबूत आहे. ही आमच्या बाजूची गोष्ट, पण पुरी नव्हे, कारण थंड आणि मोकळ्या अवस्थेत धरणारा जोड भार आल्यावर सुटू शकतो. बाहेरच्या केबलचा जोड तर आमच्यासमोर नाहीच. पंप वर काढताना तो कापला आणि तुकडा शेतावरच राहिला.

पुतण्या मध्येच म्हणाला, ‘पॅनेलमध्ये ते सिंगल फेज प्रिव्हेंटर हाय ना, ते सारखं बंद पाडायचं. वायरमननं त्येची एक वायर बाजूला केलीया वाटतं. रिले पण शेवटच्या काट्यावर हाय.’

विक्री व्यवस्थापक लगेच म्हणाले, ‘हे लिहून घ्या आणि सही घ्या!’ मी घेतली नाही. पोरगा बोलता बोलता बोलून गेला. पॅनेल त्याने उघडलेलं नाही, पंप तो चालवत नाही, आणि वायर कुणी, कधी काढली हे त्याला माहीत नाही. अशी सही घेऊन घरी गेलेल्या पुतण्याला काका काय म्हणतील, ते सांगायला नको. आयोगापुढेही ऐकीव गोष्टीला फार वजन नसतं. पॅनेल उद्या प्रत्यक्ष दिसेल, तेव्हा जे असेल ते काकांच्या समोर लिहू. तपासणीच्या कागदावर फक्त डोळ्यांनी पाहिलेलं आणि मीटरने मोजलेलं गेलं. खाली तिघांच्या सह्या, एक प्रत पुतण्याला.

मिस्त्रीने विचारलं, ‘मग आता भरायला घेता का?’ नाही. ही मोटार भरली की पुरावा संपला, फेब्रुवारीत झालं तसं. प्रकरण आयोगात गेलं तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायचा आदेश होऊ शकतो. जळालेलं वाइंडिंग, लीड आणि बेअरिंग पोत्यात सीलबंद, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या.

दुपारी ३.१५

पत्र लिहायला बसायच्या आधी एक काम उरकलं, तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. स्टोअरमध्ये त्याच आकाराचा एक डेमो पंप होता. तो उद्या सकाळच्या गाडीने शेतावर. चलनावर लिहिलं: ‘कारण निश्चित होईपर्यंत तात्पुरत्या वापरासाठी, परत करण्याच्या बोलीवर. यातून तक्रारीबाबत कोणत्याही बाजूचे म्हणणे मान्य केले असे समजू नये.’ मालकांनी थोडी कुरकुर केली. मी म्हटलं, भरपाईतला टँकर रोज वाढतोय, तो आधी थांबवू. मग जबाबदारी कुणाची हे भांडायला हातात किमान वेळ तरी राहील. एक अटही घातली: पॅनेल तपासून प्रिव्हेंटर चालू असल्याचं पाहिल्याशिवाय हा पंप सुरू करायचा नाही. नाहीतर आठवड्यात हाही जळेल.

दुपारी ४.००

मसुदा वकिलांना पाठवला, त्यांचा फोन आला. त्यांच्या दोन हरकती होत्या.

पहिली, पत्राच्या डोक्यावर ‘आमचे कायदेशीर हक्क अबाधित ठेवून’ असा शिक्का हवा. मी म्हटलं, या पत्रात आम्ही तडजोडीचा आकडा देतच नाही, मग शिक्का कशासाठी? त्या शब्दांचं संरक्षण तडजोडीच्या बोलणीला असतं. दिवाणी प्रकरणात, पुढे पुरावा म्हणून वापरायचं नाही अशा बोलीवर दिलेली कबुली ग्राह्य धरली जात नाही. जुन्या पुरावा कायद्यातलं हे तत्त्व 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण घडलेल्या गोष्टी सांगणाऱ्या साध्या पत्रावर शिक्का मारून ते पत्र गुप्त होत नाही. उलट हे पत्र आयोगापुढे आपणच दाखवू असं असायला हवं. भरपाईचा आकडा बोलायची वेळ आली तर ते वेगळ्या पत्रात, तिथे शिक्का आणि तशी स्पष्ट बोली. ते मानले. तळाला फक्त एक ओळ ठेवू म्हणाले, ती ठेवली.

दुसरी हरकत मसुद्यातल्या या वाक्याला होती: ‘फेब्रुवारीच्या दुरुस्तीच्या नोंदीत मोटार जळण्याचे कारण नमूद नाही, ते नमूद व्हायला हवे होते.’ ‘ही सेवेतल्या त्रुटीची कबुली आहे, काढून टाका.’ मी म्हटलं, जॉब कार्ड त्यांच्याकडे आहे, आपण गप्प बसलो तर लपवतोय असं दिसेल. बऱ्याच ओढाताणीनंतर वाक्याचा पहिला अर्धा भाग राहिला, दुसरा गेला. कागदावर जे आहे ते सांगितलं, त्यावर निकाल दिला नाही. मनातून मला दुसरा भागही हवा होता. पण वकिलांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: ‘व्हायला हवे होते’ यातून ते झालं असतं तर मोटार वाचली असती असा अर्थ निघतो, आणि तेवढं आज कुणीच सांगू शकत नाही.

एक गोष्ट मी त्यांना आधीच सांगून ठेवली. आतला जोड आज उघडा सापडला असता तर हे पत्र मी असं लिहिलं नसतं. मग सरळ ‘पंप बदलून देतो’ असंच लिहिलं असतं, आणि भरपाईची बोलणी दुसऱ्या पत्रात. कारण समोर दिसत असताना ‘तपास चालू आहे’ लिहिणं म्हणजे खोटं बोलणं, आणि तपासणीच्या कागदाची प्रत समोरच्याकडे असताना ते टिकतही नाही.

संध्याकाळी ५.१५

पत्र तयार झालं. मजकूर असा:

*महोदय,*

*स. न. वि. वि. आपले पत्र आज मिळाले. आपण आमच्याकडून घेतलेला साडेसात एचपीचा पंप फेब्रुवारीत आणि पुन्हा 14 एप्रिल रोजी बंद पडला, ही गोष्ट आमच्या नोंदींशी जुळते. खरड छाटणीनंतरच्या दिवसांत बागेचे पाणी तुटले आणि आपल्याला टँकर आणावे लागले, याबद्दल आम्हाला खेद आहे.*

*आज आपले पुतणे आणि आपण पाठवलेले मिस्त्री यांच्यासमोर मोटार उघडली. दोन फेजचे वाइंडिंग जळालेले आणि तिसरे शाबूत आढळले. थ्रस्ट बेअरिंग आणि इम्पेलरवर कोरडे चालल्याच्या खुणा नाहीत. चालू असताना मोटारीला एक फेज मिळत नव्हता, असे यावरून दिसते. तो नेमका कुठे खंडित झाला हे आज सांगता येत नाही. त्यासाठी आपल्या शेतावरील पॅनेल आणि केबलचा कापलेला जोड पाहणे आवश्यक आहे. फेब्रुवारीच्या दुरुस्तीच्या नोंदीत मोटार जळण्याचे कारण नमूद नाही, त्यामुळे या वेळी ही पाहणी पूर्ण करणे आम्हाला अधिक गरजेचे वाटते.*

*आमचे तंत्रज्ञ उद्या सकाळी अकरा वाजता तात्पुरत्या वापरासाठी एक पंप घेऊन येत आहेत. पॅनेलची पाहणी आपल्यासमोर होईल आणि तिचा लेखी अहवाल आपल्याला त्याच दिवशी मिळेल. जळालेली मोटार सीलबंद ठेवली आहे. आपल्याला ती स्वतंत्र ठिकाणी तपासून घ्यायची असल्यास आमची हरकत नाही.*

*आपल्या चारही मागण्यांना पाहणीनंतर सात दिवसांत लेखी उत्तर देऊ. टँकर आणि पंप काढण्या-सोडण्याच्या खर्चाच्या पावत्या कृपया जपून ठेवाव्यात. या पत्रातून कारणाबाबत किंवा जबाबदारीबाबत कोणत्याही बाजूचे म्हणणे मान्य किंवा अमान्य केलेले नाही.*

वॉरंटीची अट क्रमांक 7 यात मुद्दामच नाही. ती वॉरंटी कार्डावर छापलेली आहे, कुठे पळून जात नाही. पॅनेलमध्ये खरंच प्रिव्हेंटरची वायर सुटलेली निघाली तर सात दिवसांतल्या पत्रात ती येईल, फोटोसकट. केबलचा जोड डीलरच्या फिटरने नीट केलेला नव्हता असं निघालं, तर ती अट कुणी वाचूही नये. खरेदी नोव्हेंबरातली असल्याने पंप अजून वॉरंटीच्या आत आहे.

विक्री व्यवस्थापकांनी शेवटचा प्रयत्न केला. ‘पावत्या जपून ठेवा, हे कशाला सांगता? मागणी अजून पक्की होईल.’ पक्की व्हायलाच हवी. पावतीशिवायची मागणी कधी पन्नास हजार असते, कधी दोन लाख. पावत्या असल्या की जे असेल ते असतं.

संध्याकाळी ६.१०

पत्र स्पीड पोस्टाने गेलं, पोस्टाची पावती फाइलला. त्याचीच स्कॅन प्रत आणि तपासणीचा कागद काकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. फाइलच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिहिल्या: उद्याची पाहणी आणि त्यानंतरचा सातवा दिवस. आयोगाची नोटीस आलीच तर लेखी म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा, त्यापुढे मुदत वाढत नाही. म्हणून आजचे सगळे कागद आजच क्रमाने लावले.

उद्या तंत्रज्ञाने काय न्यायचं ते त्याला समोर बसवून सांगितलं: टाँग टेस्टर, मेगर, कॅमेरा, तपासणीचे कोरे कागद, आणि केबलच्या जोडाचा तुकडा आणायला झिपची पिशवी. पॅनेल उघडल्यावर ‘अरे बापरे’ म्हणायचं नाही, आणि ‘बघा, मी म्हणत होतो’ हेही नाही. रिलेचा काटा कुठल्या आकड्यावर आहे तो लिहायचा, प्रिव्हेंटरच्या वायरी मोजायच्या, फोटोत काकांचा हात दिसला तर उत्तम.

त्यानंतर काकांचा फोन आला. आवाज सकाळपेक्षा खाली आलेला, पण पूर्ण नव्हे.

‘पत्र वाचलं. पंप पाठवताय ते ठीक हाय. टँकरच्या पैशाचं काय?’

‘काका, पॅनेल आणि जोड बघितल्यावर सात दिवसांत लेखी सांगते.’

‘म्हंजे देत न्हाई.’

‘नाही म्हटलेलं नाही, आणि हो पण म्हटलेलं नाही. पावत्या आहेत ना?’

‘तीन हायत. बाकीच्याची टँकरवाल्याकडनं लिहून घ्याय पायजेत.’

‘आजच घ्या लिहून. तारखा टाकून.’

उद्या अकराला घरीच असतो म्हणाले.